झिरी मारताना उडणारी धूळ : कामावर वाचून दाखवायची पाच मिनिटं

मोठ्या साइटवर सकाळी काम सुरू होण्याआधी सगळ्यांना एका जागी उभं करून पाच-दहा मिनिटं सुरक्षेचं बोलतात. त्याला ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. हेल्मेट घाला, बेल्ट अडकवा, वायर पाण्यात ठेवू नका, असं सांगून होतं आणि मंडळी कामाला लागतात. धुळीचा विषय क्वचित निघतो. त्याचं कारण उघड आहे. परातीवरून पडलेला माणूस त्याच दिवशी, त्याच साइटवर दिसतो. धुळीनं खचलेला माणूस दहा-पंधरा वर्षांनी आपल्या वस्तीतल्या खोलीत उशीला टेकून बसलेला असतो, आणि तोवर ती इमारत कोणी बांधली हेही कोणाला आठवत नाही. नाक्यावरून उचलून नेलेल्या गवंड्याला, बिगाऱ्याला, वायरमनला तर असा टॉकही मिळत नाही. फ्लॅटचं काम दोन दिवसांत उरकायचं असतं.

म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही तो टॉकच लिहून देत आहोत. विषय एकच घेतला आहे : विटेच्या किंवा प्लास्टरच्या भिंतीत वायरिंगच्या, नळाच्या पाइपासाठी कटर मशीननं झिरी मारणं. गवंडीकामात इतकी बारीक धूळ इतक्या कमी वेळात, तीही बंद खोलीत, उडवणारी कामं थोडीच आहेत. आमचं मत आधीच सांगून टाकतो. मजुराच्या हातात मास्क देऊन मोकळं होणं ही पळवाट आहे. खोलीत कोरडी झिरी मशीननं मारायची आणि धूळ ओढून घेणारं काहीच लावायचं नाही, या पद्धतीनं काम घेऊच नये. ते काम दुसऱ्या पद्धतीनं होतं. वेळ जास्त लागतो, आणि खरा प्रश्न त्या वेळेचे पैसे कोण देणार हा आहे.

धूळ म्हणजे काय

वाळू, वीट, काँक्रीट, ग्रॅनाइट, टाइल्स, पांढरे हलके ब्लॉक या सगळ्यांत सिलिका असते. वाळूचा कण बोटांत चिमटीत धरला तर तो काही करत नाही. पण कटरची हिऱ्याची ब्लेड तो कण दळते, आणि त्यातला काही भाग इतका बारीक होतो की केसाच्या जाडीच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढा राहतो. जाड धूळ नाकात, घशात अडकते, खाकरून बाहेर पडते. ही बारीक मात्र थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. तिथे शरीर तिच्याशी झगडतं, तिला विरघळवू शकत नाही, आणि तिच्याभोवती गाठी आणि घट्ट वण तयार होतात. वण पडलेला भाग फुगत नाही, म्हणून दम लागतो. हाच सिलिकोसिस. झालेलं नुकसान भरून आणणारं औषध नाही, आणि काम सोडल्यावरही आजार वाढत राहू शकतो.

आता एक हिशेब करून पाहू. समजा एका छोट्या फ्लॅटमध्ये ४० मीटर, म्हणजे साधारण १३० फूट झिरी मारायची आहे. झिरीला दोन्ही बाजूंनी एकेक काप द्यावा लागतो, म्हणजे ब्लेड ८० मीटर चालणार. काप एक इंच खोल आणि ब्लेडची जाडी दोन मिलिमीटर धरली, तर ब्लेडनं दळलेला माल चार लिटर भरतो. वजनात साडेसहा ते सात किलो. मधला भाग छिन्नीनं ढेकळांनी निघतो, तो यात धरलेला नाही. सात किलोची ही निव्वळ पावडर आहे.

दुसऱ्या बाजूला मर्यादा पाहा. अमेरिकेत २०१६ साली बांधकामासाठी नियम झाला : आठ तासांच्या पाळीत सरासरी एक घनमीटर हवेत बारीक सिलिका ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घेतली तर तिच्यात २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे पूर्ण खोलीच्या हवेत मिळून १.४ मिलिग्रॅम. साखरेचा एक दाणा साधारण तेवढ्या वजनाचा असतो. सात किलो पावडरीतला फक्त हजारावा भाग इतका बारीक होऊन तरंगला आणि त्यात सिलिका चौथा हिस्सा धरली, तरी पावणेदोन ग्रॅम होते. एका दाण्याच्या जागी हजाराहून जास्त दाणे. काम तीन खोल्यांत आणि दिवसभरात वाटलं जातं, खिडकीतून काही धूळ बाहेर जाते, म्हणून हा आकडा तंतोतंत धरू नका. खरी मोजणी छातीजवळ छोटा पंप लावून करतात. पण अंतर किती मोठं आहे ते यातून कळतं, आणि मास्कवर सगळं का सोडता येत नाही तेही. चांगला एन-९५ मास्क नीट बसला तर धूळ सुमारे दहा पट कमी करतो असं धरतात. शेकडो पटीला दहानं भागलं तरी काय उरतं?

आमच्यावर विश्वास ठेवा म्हणून सांगत नाही. एहिपस्सिको, येऊन पाहा. झिरी मारून झाल्यावर अर्ध्या तासानं, धूळ बसली असं वाटल्यावर, खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरून त्याच्या झोताकडे बाजूनं बघा. हवेत जे चमकत फिरतं ते आपण श्वासात घेत होतो. झोतात काही दिसलं नाही म्हणून हवा साफ झाली, असं मात्र समजू नका. सगळ्यात बारीक कण टॉर्चलाही दिसत नाहीत आणि ते कित्येक तास तरंगतात.

टॉक : हा भाग मोठ्यानं वाचायचा

“मंडळी, जय भीम, नमस्कार. पाच मिनिटं मशीन बंद ठेवा. आज आपण या खोल्यांत झिरी मारणार आहोत. त्याआधी चार गोष्टी ठरवू.

पहिली गोष्ट : एवढी झिरी मारायची गरज आहे का? जिथे भिंतीवरून पट्टी, म्हणजे केसिंग-कॅपिंग चालेल, तिथे मालकाला विचारू. भिंत कच्ची असेल तर प्लास्टरच्या आधीच पाइप बसवून घेऊ, मग प्लास्टर आणि वीट दोन्ही कापावं लागणार नाही. ब्लॉकचा तुकडा लागला तर खोलीत कटर लावायचा नाही. वीट थापीनं किंवा हातोडीनं तोडू. जे कापावंच लागेल ते एकदम मोजून घेऊ आणि बाहेर, मोकळ्यावर, पाण्याच्या नळीवाल्या कटरनं कापू. कापणाऱ्यानं वारा पाठीवर नाही, बाजूनं घ्यायचा. पाठीमागून वारा आला की धूळ आपल्या तोंडासमोरच घुटमळते.

दुसरी गोष्ट : थोडी झिरी असेल तर मशीन नको. मेन स्विच बंद. भिंतीवर खूण करून तेवढीच पट्टी पाण्यानं भिजवायची. ब्रशनं किंवा फवारणीच्या पंपानं, अर्ध्या तासाच्या अंतरानं दोनदा. मग हातानं छिन्नी-हातोडा. ढेकळं पडतील, धुरळा उडणार नाही. छिन्नीखाली कोरडं लागलं की पुन्हा फवारा.

नीट ऐका : साध्या ग्राइंडरवर पाणी ओतायचं नाही. ओल्या भिंतीवर साधा ग्राइंडर लावायचा नाही. करंट बसून माणूस जागेवर जाईल. पाणी फक्त त्याच मशीनला, ज्याला कंपनीनं पाण्याची नळी दिली आहे, आणि तेही ईएलसीबी असलेल्या बोर्डावरून.

तिसरी गोष्ट : झिरी जास्त असेल तर मशीनला धुळीचं झाकण आणि मागे धूळ ओढणारा कारखानी व्हॅक्यूम लागेल. तो ठेकेदारानं आणायचा, भाड्यानं आणला तरी चालेल. घरातला व्हॅक्यूम चालणार नाही, बारीक धूळ त्याच्या पिशवीतून परत बाहेर येते. झाकण भिंतीला चिकटून चालवायचं. झाकणाच्या कडेनं धूर दिसायला लागला म्हणजे ओढ कमी झाली. थांबा, फिल्टर झटकायचं बटण असेल ते दाबा, पिशवी भरली असेल तर बदला. धूर दिसत असताना ‘एवढा काप होऊ दे’ म्हणायचं नाही.

एवढं करूनही मास्क घालायचाच. रुमाल, गमछा, पातळ निळा मास्क धूळ अडवत नाही. एन-९५ किंवा एफएफपी२ लिहिलेला घ्या. दोन्ही पट्ट्या डोक्याच्या मागे, एक वर, एक मानेवर. नाकावरची तार दाबा. दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. कडेनं वारा निसटला तर तो बसलेला नाही. दाढीवर तो बसत नाही, म्हणून ज्याला मशीन चालवायचं आहे त्यानं दाढी काढायची. ओला झाला किंवा श्वास घ्यायला जड जायला लागला की फेकायचा.

चौथी गोष्ट : झिरी चालू असताना त्या खोलीत दुसरा कोणी नको. दार बंद, खिडकी उघडी. मशीन थांबल्यावर लगेच आत जायचं नाही. कोरडा झाडू मारायचा नाही. आधी पाणी शिंपडा, मुरू द्या, मग फावड्यानं गोळा करून गोणीत भरा आणि गोणीचं तोंड बांधा. ओला गाळ तसाच सोडला तर वाळून त्याचीच पुन्हा धूळ होते. ब्लोअरनं अंग झाडायचं नाही. जेवणाआधी हात, तोंड, नाक धुवा. शर्ट इथेच बदला आणि पिशवीत घालून न्या.

आता सांगा : व्हॅक्यूम आला आहे का? मेन कोण बंद करणार? खोलीबाहेर कोण उभा राहणार? याची उत्तरं मिळाली की काम सुरू.”

इथे टॉक संपतो. शेवटचे तीन प्रश्न गाळू नका. उत्तर नसेल तर काम सुरू होत नाही, एवढाच त्या टॉकचा उपयोग आहे. नुसतं ऐकून माना डोलवायच्या असतील तर तो वाचला न वाचला सारखाच.

मास्क कोणाला मिळतो

टॉकमधली चौथी गोष्ट आम्ही मुद्दाम लांब लिहिली आहे. साइटवर मास्क असलाच तर तो मशीन चालवणाऱ्याला मिळतो. मशीन तासभर चालतं. त्यानंतर तीच पावडर झाडणारी, घमेल्यात भरणारी, चार मजले उतरवणारी बिगारी बाई तोंडाला पदर बांधून दिवसभर त्याच धुळीत असते. तिचं पोरही कधी कधी तिथेच सिमेंटच्या गोण्यांवर निजलेलं असतं. कारागीर वर, झाडणारी खाली ही उतरंड आपल्याला ओळखीची आहे. ती आपल्याच टोळीत चालू राहते तेव्हा आपल्याला ती दिसायला हवी. मास्क द्यायचे तर झाडणारीपासून सुरुवात करा.

धूळ घरीही येते. कामाचा शर्ट दारात झटकला की तो झटकणारीच्या नाकात जाते. तो न झटकता बादलीभर पाण्यात बुडवायचा आणि घरच्या कपड्यांपासून वेगळा धुवायचा. दहा फुटांच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथे ही गोष्ट लहान नाही.

दर कोण ठरवतं

झिरीचं काम बहुतेक फुटाच्या दरानं देतात. फुटाचा दर म्हणजे घाईचा दर. छिन्नीनं, भिजवून काम केलं तर मशीनच्या मानानं कित्येक पट वेळ लागतो, आणि दर तोच राहिला तर मजुराची रोजी बुडते. मग मजूर स्वतःच मशीन उचलतो, आणि ठेकेदार म्हणतो, “मी कुठे सांगितलं?” यात मजुराला दोष देणं आम्हाला पटत नाही. ज्याच्या घरी संध्याकाळी पीठ आणायचं आहे त्याला पंधरा वर्षांनंतरच्या फुप्फुसाची गोष्ट सांगून काम थांबत नाही.

म्हणून बोलणी काम घेतानाच व्हायला हवीत. आमची सूचना अशी : झिरीचे दोन दर सांगा. भिजवून छिन्नीनं मारायची असेल तर रोजावर. मशीननं मारायची असेल तर फुटावर, पण झाकण आणि व्हॅक्यूम ठेकेदाराचा. कोरड्या मशीनचा दरच सांगायचा नाही. एकट्यानं हे म्हटलं तर ठेकेदार नाक्यावरच्या दुसऱ्याला नेईल, हे आम्हालाही माहीत आहे. एका नाक्यावर आपल्या वस्तीतलेच आठ-दहा जण उभे असतात. रविवारी वंदनेनंतर विहारात बसून त्या आठ-दहा जणांनी एक दर ठरवला तर दुसरा शोधणं ठेकेदाराला जड जाईल. शिवाय आपल्यातलेच काही आता छोटे ठेकेदार झाले आहेत. त्यांनी फ्लॅटमालकाच्या अंदाजपत्रकात व्हॅक्यूमचं भाडं ही वेगळी ओळ लिहावी. लाखोंच्या कामात ती ओळ मालकाला जड नाही. आणि धूळ घरभर पसरत नाही, हे मालकाला सांगितलं तर त्याचा होकार लवकर मिळतो. मजुराच्या छातीसाठी नाही तर सोफ्यासाठी का होईना, व्हॅक्यूम येऊ दे.

खोकला आला की सरळ टीबी नव्हे

वस्तीत कोणाचा खोकला लांबला, वजन उतरलं की सगळे टीबी म्हणतात. बरेचदा असतोही. पण सिलिकोसिसमध्येही खोकला आणि दम असतो, आणि छातीच्या एक्स-रेवर दोन्हींचे डाग एकमेकांसारखे दिसू शकतात. मग माणूस टीबीचा कोर्स करतो, थोडं बरं वाटतं, पुन्हा दम लागतो, पुन्हा कोर्स. गोष्ट आणखी गुंतते, कारण सिलिकानं खराब झालेल्या फुप्फुसाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात. म्हणून टीबीच्या गोळ्या चालू असतील तर “मला धुळीचा आजार आहे” असं स्वतः ठरवून त्या कधीही बंद करू नका.

करायचं ते एवढंच : डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं. “मी गवंडीकाम करतो” हे पुरत नाही. “बारा वर्षं झाली, आठवड्यात तीन-चार दिवस कोरडी झिरी मारतो, टाइल्स कापतो,” असं सांगा. थुंकीची तपासणी करायला सांगा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषध मोफत आहे. थुंकीत टीबी सापडत नाही आणि एक्स-रेवर दोन्ही बाजूंना, जास्त करून वरच्या भागात, बारीक गाठी दिसतात, तर “हा सिलिकोसिस असू शकतो का?” हा प्रश्न स्वतः विचारा आणि जिल्हा रुग्णालयातल्या किंवा मेडिकल कॉलेजमधल्या छातीच्या विभागाकडे चिठ्ठी मागा. जुने एक्स-रे फेकू नका. नव्या-जुन्या फिल्म शेजारी ठेवल्या की डॉक्टरांना आजार सरकला की नाही ते कळतं.

सुरुवातीला काहीच त्रास होत नाही, हीच यातली फसवणूक. साधारण धुळीत दहा वर्षांहून जास्त काळानं आजार दिसतो. धूळ फार दाट असेल तर पाच-सात वर्षांत, आणि अतिशय दाट असेल तर त्याहूनही लवकर. ज्यानं पाच वर्षांहून जास्त कापाकापी केली आहे त्यानं त्रास नसतानाही एकदा छातीचा एक्स-रे आणि फुंकून घ्यायची श्वासाची तपासणी करून घ्यावी. बिडी ओढणाऱ्यानं तर नक्कीच, कारण सिलिकानं कॅन्सरचाही धोका वाढतो आणि बिडी त्यात भर घालते.

शेवटी कागदाचं. सिलिकोसिस हा कायद्याच्या यादीतला व्यावसायिक आजार आहे, म्हणजे त्याची भरपाई मागता येते. पण भरपाई मागताना काम कुठे केलं याचा पुरावा लागतो, आणि नाक्यावरच्या माणसाकडे तोच नसतो. म्हणून घरात एक शंभर पानी वही ठेवा. तारीख, इमारतीचा पत्ता, ठेकेदाराचं नाव, काय कापलं, किती दिवस. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला रोज संध्याकाळी दोन ओळी सांगा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वहीवरून मोजणी करून तो ठेकेदाराकडून दर वर्षी वेळेवर घ्या, आणि नूतनीकरणाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.